अंकांची फोड आणि शून्याची अडवणूक

ए म्हणजे १, बी म्हणजे २ असे करत झेडला २६ हा क्रमांक दिला, की इंग्रजी लिपीतला कोणताही शब्द अंकांत लिहिता येतो. मात्र अक्षरांच्या मध्ये जागा सोडली नाही, तर उलट वाचताना एकाच अंकमालिकेतून वेगवेगळे शब्द निघतात. २२६ ही मालिका २-२-६ अशी तोडली तर बीबीएफ, २२-६ अशी तोडली तर व्हीएफ आणि २-२६ अशी तोडली तर बीझेड. एखाद्या मालिकेच्या अशा किती फोडी होतात हे मोजायचे, हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना हमखास भेटणारा प्रश्न आहे.

शून्य नसेल तर हे मोजणे सरळ आहे. समजा, मालिकेत सगळे १ आहेत. शेवटचा गट एका अंकाचा असेल किंवा दोन अंकांचा. एका अंकाचा असेल, तर आधीच्या सगळ्या अंकांच्या जितक्या फोडी, तितक्या याच्याही. दोन अंकांचा असेल, तर ते दोन अंक सोडून उरलेल्या मालिकेच्या जितक्या, तितक्या. दोन्हींची बेरीज म्हणजे उत्तर. त्यामुळे १, २, ३, ५, ८ असे आकडे येतात. हीच मालिका भारतीय छंदःशास्त्रात फार पूर्वी मांडली गेली. ठरावीक मात्रांची ओळ एका मात्रेच्या लघू आणि दोन मात्रांच्या गुरू अक्षरांनी किती प्रकारे भरता येते, हे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी याच विचाराने सांगितले आहे: शेवटचे अक्षर लघू की गुरू, एवढेच पाहायचे.

आता शून्य. शून्य क्रमांकाचे अक्षरच नाही, म्हणून शून्य एकटे उभे राहू शकत नाही. त्याला आधीच्या अंकाशी जोडी करावीच लागते, आणि तो अंक १ किंवा २ असेल तरच १० किंवा २० हा चालणारा गट होतो. शिवाय शून्याने गट सुरूही होत नाही. एफचा क्रमांक ६ आहे, ०६ नाही. म्हणून एकेरी गट १ ते ९ मधला आणि जोडगट १० ते २६ मधलाच हवा.

११२१०२३ ही मालिका घेऊ. डावीकडून एकेक अंक वाढवत, तिथपर्यंतच्या फोडी मोजायच्या. काहीच वाचले नाही तेव्हा फोड १ धरायची. रिकामी मालिका एकाच प्रकारे तोडता येते. पहिल्या १ पाशी १. दुसऱ्या १ पाशी १-१ किंवा ११, म्हणून २. पुढे २ आला; एकटा २ आणि जोडी १२ दोन्ही चालतात, म्हणून २ अधिक १, म्हणजे ३. पुढच्या १ पाशी ३ अधिक २, म्हणजे ५. आता ० येते. एकट्या शून्याची वाट बंद, फक्त १० ही जोडी उरते, आणि तिच्याआधीच्या तीन अंकांच्या फोडी होत्या ३. म्हणून आकडा ५ वरून ३ वर उतरतो. पुढे २ आला, पण ०२ चालत नाही, म्हणून ३ च. शेवटच्या ३ पाशी एकेरी गटाचे ३ आणि २३ या जोडीचे ३, मिळून ६.

प्रत्येक पायरीला मागचे दोनच आकडे लागतात. म्हणून प्रोग्रॅमही छोटा होतो:

```python
def count(s):
    a, b = 0, 1
    for i, c in enumerate(s):
        n = 0
        if c != "0":
            n = b
        if i > 0 and 10 <= int(s[i-1:i+1]) <= 26:
            n += a
        a, b = b, n
    return b
```

लहान भागांची उत्तरे एकदाच काढून पुढे वापरण्याच्या या रीतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. हे नाव रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात दिले. तिचा फायदा केवढा, हे चाळीस वेळा १ लिहिलेल्या मालिकेत दिसते. तिच्या फोडी १६,५५,८०,१४१ होतात. त्या एकेक करून मोजत बसण्याऐवजी इथे चाळीस पायऱ्यांत काम होते.

चूक बहुतेक वेळा जोडीच्या अटीत होते. जोडी २६ पेक्षा मोठी नाही एवढेच तपासले, तर संगणक ०६ ला ६ समजतो आणि ती चालवून घेतो. त्यासाठी १०६ ही मालिका तपासून पाहावी: तिची फोड १०-६ ही एकच आहे, पण चुकलेला प्रोग्रॅम २ सांगतो. दुसरी परीक्षा ३० आणि १०० यांची. दोन्हींचे उत्तर ० यायला हवे. शून्याला जोडीदार मिळाला नाही, की त्या जागी आकडा ० होतो आणि पुढे कितीही अंक आले तरी ० च राहतो, कारण शून्याला ओलांडून जाणारा जोडगट शून्यानेच सुरू होतो. त्यामुळे अशा ठिकाणी मोजणी तिथेच थांबवली तरी चालते.

ही रीत फोडींची संख्या देते, फोडी देत नाही. प्रत्येक शब्द लिहून हवा असेल, तर जितके शब्द तितके लिहिण्याला पर्याय नाही.