कॅप्शनआधीचा कागद

मायक्रो इन्फ्लुएन्सर म्हणजे ढोबळमानाने १० हजार ते १ लाख फॉलोअर असलेली व्यक्ती. ही कोल्हापुरात पाककृतींच्या रील करणारी गृहिणी असते किंवा नाशिकमध्ये धावण्याच्या सरावाबद्दल लिहिणारा शिक्षक. छोट्या उत्पादकाने अशा व्यक्तीकडून आपल्या मालाविषयी लिहून घ्यायचे ठरवले की आधी एक कागद तयार करावा लागतो. पोस्टखालच्या मजकुरात, म्हणजे कॅप्शनमध्ये, काय यायलाच हवे, काय येता कामा नये आणि कोणती लिंक द्यायची, हे त्यात लिहिलेले असते. त्याला कॅप्शन ब्रीफ म्हणतात. ब्रीफ म्हणजे तयार कॅप्शन नव्हे. आयते वाक्य पाठवले की पाच जणांच्या पाच पोस्टमध्ये तेच वाक्य दिसते आणि ते विकत घेतलेले आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

एक नमुना घेऊन हे पाहू. समजा, एका महिला गटाचे नाचणीचे लाडू आहेत. त्यात नाचणीचे पीठ, गूळ, साजूक तूप आणि वेलची आहे. एक लाडू २५ ग्रॅमचा, त्यात पीठ साधारण १० ग्रॅम. दिवाळीसाठी पाच इन्फ्लुएन्सरना प्रत्येकी एक डबा आणि ठरलेले मानधन द्यायचे आहे.

ब्रीफमधला पहिला अनिवार्य मुद्दा लाडवांचा नाही. ही जाहिरात आहे हे वाचकाला सांगणे, हा तो मुद्दा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, इन्फ्लुएन्सरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये लागू केली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये याविषयीची पुस्तिका काढली. दोन्हींचे सांगणे सारखेच आहे. उत्पादक आणि लिहिणारा यांच्यात देवाणघेवाण झाली असेल, तर ती उघड करायची. देवाणघेवाण म्हणजे फक्त पैसे नव्हेत. फुकट मिळालेला डबा, सवलत, सहल, इतकेच काय, नातेसंबंधही त्यात मोडतात. त्यामुळे ‘मी पैसे घेतले नाहीत, नुसते लाडू मिळाले’ ही सबब चालत नाही.

हे कुठे लिहायचे तेही ब्रीफमध्ये नेमके हवे. मोबाइलवर कॅप्शनचा सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, बाकीचा ‘more’ वर बोट ठेवल्यावर उघडतो. म्हणून जाहिरातीचा उल्लेख पहिल्या दोन ओळींतच यायला हवा. शेवटच्या हॅशटॅगांच्या गर्दीत टाकलेला उल्लेख केल्यासारखा धरत नाहीत. मराठी कॅप्शनला ‘जाहिरात’ हा सरळ शब्द पुरेसा आहे. ‘अमुक गटाचे मनापासून आभार’ लिहिल्याने व्यवहार झाल्याचे कळत नाही, म्हणून ते ‘जाहिरात’ या शब्दाऐवजी चालवू नये. इन्स्टाग्रामवर सशुल्क भागीदारीचे लेबल लावण्याची सोय आहे, तीही वापरावी. रील असेल तर हा शब्द चित्रावरही दिसायला हवा. १५ सेकंदांपर्यंतच्या रीलमध्ये तो किमान ३ सेकंद राहावा आणि त्याहून मोठ्या, २ मिनिटांपर्यंतच्या रीलमध्ये एकूण वेळेच्या एक तृतीयांश राहावा, असे आस्कीचे सांगणे आहे.

यानंतर मालाविषयीचे अनिवार्य मुद्दे. ते तीनच ठेवावेत. दहा मुद्दे दिले की लिहिणारी व्यक्ती त्यांची यादी करते आणि कॅप्शनचे माहितीपत्रक होते. लाडवांच्या बाबतीत घटक, किंमत आणि वजन, आणि मागणी नोंदवण्याची शेवटची तारीख एवढे पुरे. घटक मात्र वेष्टनावर छापले असतील तसेच्या तसे द्यावेत. गुळाचे लाडू असताना ब्रीफमध्ये घाईघाईने ‘खजूर’ लिहिले गेले, तर ती चूक पाचही पोस्टमध्ये जाते. ती दुरुस्त करायला पाच जणांच्या मागे लागावे लागते. म्हणून ब्रीफसोबत वेष्टनाचा स्पष्ट फोटो जोडावा.

सूर सांगताना बहुतेक ब्रीफ फसतात. ‘मैत्रीपूर्ण, ऊर्जेने भरलेला, विश्वासार्ह’ अशी विशेषणे लिहून काहीच हाती लागत नाही, कारण प्रत्येक जण त्यांचा वेगळा अर्थ घेतो. त्याऐवजी प्रसंग द्यावा: ‘शेजारणीने डबा आणून दिला आणि चव कशी आहे विचारले, तर आपण जसे बोलाल तसे लिहा.’ कोल्हापूरची बाई ‘लई भारी’ लिहीत असेल, तर तिला ‘अत्यंत स्वादिष्ट’ लिहायला लावू नये. तिचे फॉलोअर तिच्या बोलीसाठीच तिथे आलेले असतात. न पटलेली गोष्ट लिहायची मोकळीकही ब्रीफमध्ये स्पष्ट द्यावी. लाडू जरा कोरडा वाटला, दुधाबरोबर जास्त आवडला, असे कोणी लिहिले तर ते राहू द्यावे. अशा एका वाक्याने बाकीच्या स्तुतीवर विश्वास बसतो.

सुराचा संबंध वेळेशीही आहे. शिफारस करणाऱ्याने वस्तू खरोखर वापरलेली असावी, असे ग्राहक व्यवहार विभागाची पुस्तिका सांगते. डबा शुक्रवारी पोहोचला आणि पोस्ट शनिवारी हवी असेल, तर ‘आमच्या घरी रोज एक लाडू होतोच’ हे वाक्य खोटे ठरते. डबा पोस्टच्या निदान आठवडाभर आधी पाठवावा आणि खाल्ला त्याविषयीच लिहावे, असे ब्रीफमध्ये म्हणावे.

आता सगळ्यांत नाजूक भाग, टाळायच्या दाव्यांचा. ‘अतिशयोक्ती टाळा’ एवढेच लिहिले तर काही उपयोग होत नाही, कारण लिहिणाऱ्याला आपली अतिशयोक्ती दिसत नाही. नेमके वाक्य, ते का नको आणि त्याऐवजी काय लिहिता येईल, या तिन्ही गोष्टी द्याव्या लागतात.

‘साखरमुक्त’ हा शब्द गुळाच्या लाडवांना सर्रास लावला जातो. पण गूळ ही साखरच आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार साखरमुक्त म्हणण्यासाठी १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. गुळाचा लाडू त्याच्या जवळपासही जात नाही. ‘साखर घातलेली नाही’ हेही गूळ घातल्यावर म्हणता येत नाही. ‘गोडव्यासाठी गूळ वापरला आहे’ असे लिहावे. ते खरे आहे आणि वाचणाऱ्याला हवी ती माहितीही त्यात आहे.

‘कॅल्शियमचा खजिना’ हा दुसरा मोह. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते हे खरे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम दिले आहे. पण इथे विकायचा आहे तो लाडू, धान्य नव्हे. एका लाडवात पीठ १० ग्रॅम, म्हणजे नाचणीतून येणारे कॅल्शियम सुमारे ३६ मिलिग्रॅम. गुळातून थोडी भर पडेल. प्रौढ माणसाची रोजची गरज मात्र १००० मिलिग्रॅमच्या घरात आहे. एखादा पदार्थ अमुक घटकाचा स्रोत आहे असे म्हणायला त्यात तो किती असावा, याच्या मर्यादा विनियमांत ठरलेल्या आहेत आणि त्या तयार पदार्थाला लागू होतात. तयार लाडवाचा प्रयोगशाळेचा अहवाल हातात असेल तरच आकडा द्यावा. नसेल तर ‘नाचणीच्या पिठाचे लाडू’ इथेच थांबावे.

‘मधुमेहींना चालतात’, ‘हिमोग्लोबिन वाढते’, ‘गुडघेदुखी थांबली’ ही वाक्ये तर पूर्ण वर्ज्य. अन्नपदार्थाने रोग बरा होतो किंवा टळतो, असे जाहिरातीत म्हणता येत नाही. स्वतःचा अनुभव म्हणून लिहिले तरी दावा तोच राहतो. आणि हा नुसता कायद्याचा प्रश्न नाही. ‘चालतात’ हे वाचून कोणाच्या तरी वडिलांच्या ताटात गुळाचे लाडू येतील. पोस्टखाली हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि कॅप्शन स्वच्छ असूनही उत्तरात दावा निसटतो. म्हणून उत्तरही ब्रीफमध्ये आधीच द्यावे: ‘यात गूळ आणि तूप आहे. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारूनच खा.’

‘घरगुती’, ‘शुद्ध’ आणि ‘पारंपरिक’ हे निरुपद्रवी वाटणारे शब्दही या विनियमांत येतात. भाड्याच्या जागेत यंत्रावर वळलेल्या लाडवांना ‘घरी केलेले’ म्हटले, तर वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. ‘महिला गटाने तयार केलेले’ हे जास्त खरे आहे आणि वाचायलाही बरे वाटते.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाखांपर्यंत. हा दंड उत्पादकाप्रमाणे शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. त्याला एक वर्षापर्यंत, पुन्हा चुकल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारस करण्यास मनाईही होऊ शकते. दाव्याची खातरजमा केलेली असेल, तर शिफारस करणाऱ्याचा दंडापासून बचाव होतो. ही खातरजमा करायची तर त्याच्या हाती कागदपत्रे हवीत. म्हणून वेष्टनाचा फोटो, परवान्याची किंवा नोंदणीची प्रत आणि अहवाल असल्यास तो, हे सगळे ब्रीफसोबत द्यावे.

लिंकचा भाग छोटा, पण गफलती इथेच जास्त होतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबून उघडत नाही. तिथे ‘लिंक बायोमध्ये’ लिहायचे आणि खरी लिंक बायोमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये ठेवायची. प्रत्येक इन्फ्लुएन्सरला वेगळी लिंक द्यावी, म्हणजे मागणी कोणाकडून आली ते कळते:

```
https://example.com/ladoo?utm_source=instagram&utm_medium=influencer&utm_campaign=diwali&utm_content=kolhapur01
```

यातला शेवटचा `kolhapur01` एवढाच भाग प्रत्येकासाठी बदलतो. लिंक हाताने टाइप करू नये, जशीच्या तशी कॉपी करावी. संकेतस्थळ नसेल आणि मागणी व्हॉट्सॲपवर घेतली जात असेल, तर `KOP10` असा छोटा सवलत कोड द्यावा. ग्राहक तो संदेशात लिहितो आणि हिशेब लागतो. कोडची मुदत कॅप्शनमध्ये तारखेनिशी लिहायला सांगावी, कारण पोस्ट दिवाळीनंतरही दिसत राहते आणि बंद पडलेल्या कोडची नाराजी लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते.

हे सारे एका पानात बसवावे. वर तारखा आणि मानधन, मग ‘जाहिरात’ कुठे लिहायचे ते, तीन मुद्दे, सुराचा प्रसंग, वर्ज्य वाक्ये त्यांच्या पर्यायांसह, लिंक, आणि शेवटी शंका विचारण्यासाठी एकाच व्यक्तीचा क्रमांक. कॅप्शन प्रसिद्ध होण्याआधी दोन दिवस पाहायला मागावे. तपासताना फक्त तथ्ये, दावे, लिंक आणि ‘जाहिरात’ हा शब्द पाहावा. वाक्यरचनेला हात लावू नये, ती लिहिणाऱ्याची आहे.