चाली जुळल्या म्हणजे चोरी सिद्ध झाली का?

१३ जून २०२१ रोजी मदतनिधीसाठीच्या ऑनलाइन बुद्धिबळ सामन्यात हौशी खेळाडू, उद्योजक निखिल कामत यांनी विश्वनाथन आनंद यांना हरवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी संगणकाची मदत घेतल्याचं कबूल केलं. पण कबुली नसती तर?

मग चाली मोजाव्या लागतात. पाठ असलेली सुरुवात आणि एकच चाल शक्य असलेल्या जागा वगळायच्या. उरलेल्यांपैकी किती चाली संगणकाच्या पहिल्या पसंतीशी जुळल्या ते पाहायचं. त्या दर्जाच्या खेळाडूंपेक्षा फारच जास्त जुळल्या, तर संशय येतो.

आता एक गणित करू. समजा, १०,००० खेळाडूंत १० जण फसवतात आणि आपली चाचणी ते सगळे पकडते. पण प्रामाणिक खेळाडूंतही शंभरात एकावर ती चुकून बोट ठेवते. म्हणजे ९,९९० पैकी साधारण १०० निर्दोष अडकले. पकडलेल्या ११० जणांत खरे दोषी फक्त १०!

म्हणून एका डावाच्या आकड्यावर निकाल देता येत नाही. त्याच खेळाडूचे आणखी डाव आणि प्रत्येक चालीला लागलेला वेळही तपासावा लागतो. आणि डावात दोनदाच मदत घेणारा हुशार मात्र याच चाळणीतून अलगद निसटतो.