लाल दाण्याची गाढ झोप

मार्च 2023 च्या मध्यावर मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा बातम्या आल्या त्या आडव्या झालेल्या पिकांच्या. उभ्या राहिलेल्या गव्हाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. पण भोकरकडच्या शेतात गहू पिवळा पडून कापणीला आलेला असतो, ओंबी भिजते, दोन-तीन दिवस ढग हटत नाहीत, आणि मग ओंबी तळहातावर चोळून दाण्याचं टोक बघायची वेळ येते. अंकुराच्या जागेवरची साल फुगून चिरलेली दिसली, की समजावं दाणा जागा झाला. पांढरा कोंब नंतर दिसतो, नुकसान त्याआधीच सुरू झालेलं असतं.

ऑक्टोबर 2019 च्या परतीच्या पावसात मराठवाड्यात सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले आणि कोकणात आडव्या पडलेल्या भाताला लोंबीत, हे वाचकांच्या लक्षात असेल. मला फार वर्षं छळणारा प्रश्न वेगळाच होता. एकाच पावसात, एकाच दिवशी पिकलेल्या दोन वाणांपैकी एकाला मोड येतात आणि दुसऱ्याला येत नाहीत, हे कसं? गव्हापुरतं उत्तर शोधत गेलं, तर माग थेट दाण्याच्या रंगापाशी जातो.

आधी दाण्याच्या आतलं थोडं. पिकत्या दाण्यात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक अंकुराला झोपवून ठेवतं. ही झोप उथळ असली तर ओल लागताच अंकुर जिबरेलिन सोडतो, सालीखालच्या थरात अल्फा-अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते पिठूळ गराचे तुकडे करू लागतं. अशा गव्हाची कणीक सैल पडते, पोळपाटाला चिकटते, चवीला किंचित गोड लागते.

आता रंगाकडे. स्वीडनमधल्या स्वालॉफ इथल्या बीज केंद्रात हरमान निल्सन-एले हा शास्त्रज्ञ लाल आणि पांढऱ्या दाण्याच्या गव्हांचे संकर करत होता. काही संकरांच्या दुसऱ्या पिढीत लाल आणि पांढऱ्याचं प्रमाण 3 ला 1 आलं, काहींत 15 ला 1, आणि एका संकरात 63 ला 1. त्यावरून 1909 मध्ये त्याने मांडलं की गव्हाच्या लालीमागे तीन वेगवेगळी जनुकं असू शकतात आणि त्यातलं एक जरी असलं तरी दाणा लाल होतो. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव येतं ते इथपर्यंतच. माझ्या लेखी त्याचं मोठं काम पुढचं आहे. 1914 मध्ये त्याने दाखवलं की पांढरे दाणे ओल्या हवेत ओंबीतच उगवतात आणि लाल दाणे सहसा टिकून राहतात. ज्या देशात कापणीच पावसात होते, तिथे ही गोष्ट फार मोलाची होती.

आपल्याकडे नेमकं उलट घडलं. मेक्सिकोहून आलेला सोनोरा-64 बुटका होता, खताला साथ देणारा होता, पण दाणा लाल. पोळी खाणाऱ्यांना तो रंग नको होता. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एम. एस. स्वामिनाथन यांच्या गटाने त्यावर गॅमा किरणांचा मारा करून सोनेरी दाण्याचं उत्परिवर्तन मिळवलं, आणि 1967 मध्ये शरबती सोनोरा शेतकऱ्यांपर्यंत गेला. त्याच्या प्रथिनांवरून पुढे जाहीर भांडण झालं, पानंच्या पानं लिहिली गेली. रंग आणि झोप एकत्र येतात, ही बाजू त्या वादात यायला हवी होती असं मला वाटतं. मोंढ्यात आजही तुकतुकीत सोनेरी गव्हालाच भाव असतो. म्हणजे खाणाऱ्याच्या पसंतीची जोखीम पिकवणाऱ्याने उचलायची.

रंग आणि झोप बरोबर का चालतात, याचं उत्तर निल्सन-एलेनंतर जवळपास शंभर वर्षांनी मिळालं. लालीची ती तीन जनुकं म्हणजे टीए-मिब-10 या एकाच नियंत्रक जनुकाच्या तीन प्रती निघाल्या. ही जनुकं सालीत रंगद्रव्य तयार करवतात. त्यांपैकी डी प्रत अ‍ॅब्सिसिक आम्ल बनवणाऱ्या साखळीलाही चालना देते, असं 2021 च्या संशोधनात दिसलं. म्हणून रंग गेला की झोपेचा एक आधार जातो. एकच, सगळे नव्हेत.

मला धीर देणारी गोष्ट इथेच आहे. अमेरिकेतला रिओ ब्लँको हा गहू पांढऱ्या दाण्याचा असूनही पावसात टिकतो. त्याच्यामागे एमएफटी हे वेगळं जनुक आहे. जपानी शास्त्रज्ञांनी ते 2011 मध्ये गव्हाच्या झोपेशी जोडलं आणि 2013 मध्ये रिओ ब्लँकोच्या अभ्यासातूनही तेच हाती लागलं. कोंब धरणाऱ्या वाणात या जनुकातल्या बारीक बदलामुळे त्याचा संदेश चुकीचा कापला जातो आणि काम बिघडतं. तेव्हा सोनेरी रंग आणि गाढ झोप या दोन्ही गोष्टी एका दाण्यात बसू शकतात.

पण एमएफटीला थंडी लागते. दाणा भरताना हवा गार असेल तर हे जनुक जास्त काम करतं आणि झोप गाढ होते. उन्हाच्या तडाख्यात पिकलेल्या दाण्याची झोप उथळ राहते. आपल्याकडे सोयाबीन किंवा कापूस निघायला उशीर झाला की गव्हाची पेरणी लांबते, दाणा मार्चच्या उन्हात पक्व होतो आणि नेमका तेव्हाच अवकाळी येतो. उशिरा पेरलेल्या गव्हाची भीती म्हणून दुहेरी आहे.

भातात या कथेची नायिका आसामकडची कसलथ ही जात आहे. तिच्यातलं एसडीआर-4 हे झोपेचं जनुक जपानी गटाने 2010 मध्ये वेगळं काढलं. निप्पोनबारे या जपानी भातात त्याचंच दुबळं रूप असतं. मात्र भातात फार गाढ झोपही अडचणीची ठरते, कारण ताजं बियाणं रोपवाटिकेत उगवत नाही. म्हणून प्रयोगशाळेत उगवण तपासण्यापूर्वी ते काही दिवस 50 अंशांवर ठेवून जागं करतात.

मोड आलेला गहू किती बिघडला, हे मोजायची रीत सोपी आहे. 7 ग्रॅम पीठ 25 मिलिलिटर पाण्यात घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यात ढवळतात आणि ढवळणी लापशीतून खाली पडायला किती सेकंद लागतात ते बघतात. ढवळण्याची 60 सेकंदं त्यात धरलेली असतात. चांगल्या गव्हाला 300 पेक्षा जास्त सेकंद लागतात, मोडाच्या गव्हाला 100 च्या आसपास किंवा त्याहून कमी.

चांगला आणि मोडाचा गहू एकत्र मिसळला तर हिशेब मात्र साध्या सरासरीचा नाही. त्या आकड्यातून 50 वजा करून 6000 ला भागायचं, मग सरासरी काढायची आणि तशीच उलट पावलं टाकत परत यायचं. समजा 350 सेकंदांचा चांगला गहू नऊ पोती आहे आणि बांधालगतच्या सखल तुकड्यातला 100 सेकंदांचा एक पोतं. चांगल्याचे 20 आणि खराबाचे 120, दहा पोत्यांची सरासरी 30. म्हणजे रास 250 वर आली. साध्या सरासरीने 325 वाटली असती. अर्धा-अर्धा मिसळला तर रास 136 वर येते, पार हातची जाते.

म्हणून पावसानंतर एकच रास करू नका. सखल आणि आडव्या पडलेल्या तुकड्याची कापणी वेगळी, मळणी वेगळी, पोती वेगळी ठेवा. दाणा 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. आणि बियाणं घेताना उताऱ्याबरोबर एवढं विचारा, की हा वाण ओंबीत भिजवून तपासला आहे का. उत्तर नसेल तर परभणीच्या विद्यापीठाला आणि निफाडच्या गहू केंद्राला तोच प्रश्न लेखी पाठवा.