नाव घालून लिहिलेलं पत्र

समजा, एका गावाच्या खालच्या आळीत चार दिवसांत जुलाबाचे अकरा रुग्ण निघाले. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ओटी चाचणी करायला लावली. टाकीजवळचं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. आळीतल्या नळाच्या पाण्याला रंगच आला नाही. मधल्या गटारातून जाणारा पाइप गळत होता. नळयोजना प्रादेशिक, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाची. रुग्णांवर उपचार करणं डॉक्टरांच्या हातात, पाइप जोडणं उपअभियंत्याच्या. दोघांचे वरिष्ठ मुख्य कार्यकारी अधिकारी. पण या दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला हुकूम देऊ शकत नाही.

अशा वेळी कार्यालयातून नेहमीचं पत्र सुटतं: ‘तरी आपल्या स्तरावरून आवश्यक कार्यवाही व्हावी.’ ते आवक नोंदवहीत चढतं, एका टेबलावर जातं आणि तिथेच मुरतं. टेबलावरच्या लिपिकाला मी दोष देणार नाही. ‘आवश्यक’ म्हणजे नेमकं काय, हे पत्र लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं.

सरकारी कामकाजात यासाठी अर्धशासकीय पत्राची सोय आहे. ते पदाला नव्हे, माणसाला जातं. वर अधिकाऱ्याचं नाव, मजकूर ‘मी’ म्हणून लिहिलेला, खाली अधिकाऱ्याची स्वतःची सही. साधारण बरोबरीच्या किंवा एकदोन पायऱ्या वरच्या अधिकाऱ्याला ते लिहितात. ऊठसूट लिहिलं तर त्याचीही धार जाते.

पण नुसतं नाव घालून भागत नाही. मागणी समोरच्याच्या सहीने होण्यासारखी हवी. ‘संपूर्ण जलवाहिनी बदलावी’ असं लिहिलं, की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निधी अशी वाट सुरू होते आणि उपअभियंत्याला ‘प्रस्ताव सादर केला आहे’ हे खरं उत्तर मिळतं. त्याऐवजी डॉक्टरांनी असं लिहावं: ‘शाळेमागच्या गटारातली गळती उद्यापर्यंत जोडून द्यावी. तोवर या आळीचा व्हॉल्व्ह बंद ठेवता येईल का, ते आज कळवावं. आमचे आरोग्य सेवक जागा दाखवायला येतील. आळीला टँकर द्यावा म्हणून ग्रामपंचायतीशी मी बोलतो.’ सोबत दोन्ही ठिकाणच्या चाचणीचे निकाल आणि रुग्णांची घरं दाखवणारा हाताने काढलेला नकाशा. पत्र टपालात न टाकता माणसाबरोबर पाठवायचं आणि आधी फोन करायचा.

पहिल्याच पत्राखाली ‘प्रत: मुख्य कार्यकारी अधिकारी’ टाकण्याचा मोह आवरावा. ती ओळ दिसली, की उपअभियंता पाइपाआधी स्वतःचा खुलासा लिहायला बसतो. अर्थात रुग्ण वाढत असतील तर साथीची माहिती वर द्यावीच लागते. पण ती साथीची म्हणून द्यावी, तक्रार म्हणून नव्हे. दिलेली मुदत उलटली, तर मात्र उपअभियंत्याला सांगून वर जावं.

पाइप जोडल्यावर त्याच नळाची पुन्हा ओटी करायची. पाणी पिवळं झालं, की तेवढं दोन ओळींत उपअभियंत्याला कळवायचं. ही दोन ओळींची चिठ्ठी बहुतेक कार्यालयांतून जातच नाही.