शेअर बाजाराबाहेरची पब्लिक कंपनी

पब्लिक कंपनी म्हणजे शेअर बाजारात नोंदलेलीच कंपनी, हा समज चुकीचा आहे. किमान 7 भागधारक, 3 संचालक आणि सभासदसंख्येला कमाल मर्यादा नाही, एवढ्यावर कंपनी पब्लिक ठरते. कोची विमानतळ चालवणारी कंपनी याचे उत्तम उदाहरण आहे. केरळ सरकार आणि हजारो अनिवासी भारतीय तिचे भागधारक आहेत, तरी तिचे शेअर बाजारात नोंदलेले नाहीत. कंपनीच्या ओळख क्रमांकाचे, म्हणजे सीआयएनचे, पहिले अक्षर पाहिले की हे लगेच कळते: नोंदलेलीसाठी L, नसलेलीसाठी U.

नोंदलेल्या कंपनीला दर तिमाहीनंतर 21 दिवसांत भागधारणेचा तक्ता जाहीर करावा लागतो आणि तो बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. नोंद नसलेल्या कंपनीवर ही सक्ती नाही. तिचे भागधारक शोधायचे तर mca.gov.in वर 'View Public Documents' मध्ये जावे, कंपनी निवडून शुल्क भरावे आणि MGT-7 हे वार्षिक विवरण उघडावे. भागधारकांची यादी त्याच्या जोडपत्रात असते. मुख्य अर्जात फक्त गटवार टक्केवारी मिळते, आणि अनेकजण तिथेच थांबतात.

ही यादी साधारणपणे 31 मार्चची असते आणि वार्षिक सभेनंतर 60 दिवसांच्या मुदतीत दाखल होते, त्यामुळे ती काही महिने जुनी असणारच. ताजी नावे हवी असतील तर कंपनीच्या कार्यालयातील सभासद नोंदवही पाहता येते. भागधारकाला ती विनाशुल्क, इतरांना शुल्क भरून पाहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. यादीत एखाद्या ट्रस्टचे किंवा दुसऱ्या कंपनीचे नाव आले, तर खरा मालक शोधण्यासाठी त्या कंपनीचेही विवरण उघडावे लागते. खासगी ट्रस्टच्या बाबतीत मात्र ही वाट बहुधा तिथेच संपते.