ताळा जुळवणाऱ्याने लिहिलेली ओळख

अपवर्क किंवा फायवरसारख्या ऑनलाइन बाजारात काम मिळवायचे तर आधी स्वतःची ओळख लिहावी लागते. संध्याकाळी डेटा एंट्री आणि एक्सेलचे काम करू इच्छिणारी बँकेतली क्लार्क ती सहसा अशी लिहिते: ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे. संगणकाचे उत्तम ज्ञान. कोणतेही काम वेळेत करून देईन.’ यातले काहीही खोटे नसते, पण गिऱ्हाईकाला पडताळून पाहता येईल असेही काही नसते. शिवाय यादीत ओळखीच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, आणि त्या नेमक्या मेहनतीत खर्च होतात.

तीच ओळख अशी लिहिता येते:

‘हाताने लिहिलेल्या पावत्या, वर्गणीच्या वह्या आणि बिले मी एक्सेलमध्ये उतरवून देते, आणि प्रत्येक पानाची बेरीज मूळ कागदाशी जुळवते. बँकेत क्लार्क असल्याने आकड्यांचा ताळा हे माझे रोजचे काम आहे. पाच रकान्यांच्या १५० नोंदी एका संध्याकाळी. न लागलेले अक्षर अंदाजाने भरत नाही, पिवळा रंग देऊन विचारते. वेळ सोमवार ते शुक्रवार, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ ते १०.’

यातली पहिली ओळ सर्वांत मोलाची आहे. टायपिंग पुष्कळांना येते, बेरीज न जुळल्यावर चूक कुठे शोधायची हे कॅश काउंटरवर बसलेल्या माणसाला कळते. समजा वहीतल्या एका पानाची बेरीज १,८६,४५० आहे आणि शीटमध्ये १,८६,७२० येते. फरक २७० चा. त्याला ९ ने नि:शेष भाग जातो, म्हणून शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय आधी घ्यायचा. शोधल्यावर ४,५८० च्या जागी ४,८५० सापडतात. हा पुरावा नव्हे, शोध कुठून सुरू करायचा याची खूण आहे. बेरीज जुळली तरी नाव किंवा मोबाइल नंबर चुकलेला असू शकतो, आणि दोन चुका एकमेकींना झाकूही शकतात. म्हणून हे रकाने वेगळे, मूळ कागद शेजारी ठेवून तपासावे लागतात. खाते क्रमांकाचा रकाना तर सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. नाहीतर एक्सेल पुढची शून्ये गाळते आणि पंधराव्या अंकानंतरच्या अंकांची शून्ये करून टाकते. हे ओळखीत लिहिले, तर वाचणाऱ्याला माणूस जाणकार आहे हे लगेच कळते.

१५० हा आकडा कुठून आला? नाव, पत्ता, मोबाइल, तारीख आणि रक्कम मिळून एका ओळीला साधारण ९५ वेळा कळ दाबावी लागते. सरकारी डेटा एंट्री ऑपरेटरच्या परीक्षेतला तासाला ८,००० कळांचा वेग धरला, तर तासाला सुमारे ८० ओळी आणि तीन तासांत २४० होतात. पण दिवसभर काउंटर सांभाळून आलेला हात रात्री दहापर्यंत त्या वेगाने चालत नाही. शिवाय पडताळणीला वेळ लागतो आणि हस्ताक्षर लागेलच असे नाही. २४० लिहून १५० देण्यापेक्षा १५० लिहून १५० देणे मला पटते.

वेळही गिऱ्हाईकाच्या घड्याळात सांगावी. आपले संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात लंडनमध्ये दुपारचे अडीच आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ. तिथले ऑफिस चालू असताना पिवळ्या खुणांची उत्तरे मिळतात, हा या कामातला मोठा फायदा आहे.

नमुना जोडायचा असेल तर सगळी नावे आणि रकमा मनाने रचलेल्या असाव्यात. बँकेतल्या खऱ्या ग्राहकाची एक ओळही, नाव खोडून का होईना, तिथे जाता कामा नये. बँकेचे नाव लिहायचीही गरज नाही, ‘बँकेत क्लार्क’ एवढे पुरे.

मात्र ही ओळख प्रसिद्ध करण्याआधी एक कागद हातात हवा. बँक कर्मचाऱ्यांच्या शिस्तभंगाच्या कारवाईबाबतच्या द्विपक्षीय करारात, बँकेच्या लेखी परवानगीशिवाय कामाबाहेरचा धंदा-व्यवसाय करणे हे गंभीर गैरवर्तनात मोडते. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे सेवानियम वेगवेगळे असतात, ते वाचावेत. अर्ज शाखाधिकाऱ्यामार्फत करावा, आणि त्यात कामाचे स्वरूप, वेळ, तसेच बँकेचा संगणक, माहिती किंवा ग्राहक यांपैकी कशाचाही वापर होणार नाही, हे स्पष्ट लिहावे. ‘परवानगी घेतली आहे’ असे तोंडी ऐकून काम सुरू करू नये. पोच घेतलेला अर्ज आणि लेखी उत्तर दोन्ही जपून ठेवावे, आणि उत्तर येईपर्यंत ओळखीचा मसुदा घरच्या संगणकावरच राहू द्यावा.