ग्रंथालय गेलं, हातोडा राहिला

जॉर्ज स्टुअर्ट यांची ‘अर्थ अबाइड्स’ ही कादंबरी १९४९ साली आली. जगबुडीनंतरच्या कथा लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण आजही तिच्याकडे परत वळतात. तिच्या शेवटच्या पानांत एक अतिवृद्ध माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या मोडकळीला आलेल्या पुलावर मरणाच्या वाटेवर आहे. भोवती उभ्या असलेल्या तरुणांना त्याच्या मरणाचं दुःख आहे, पण त्याहून एका गोष्टीची काळजी अधिक आहे. हा म्हातारा आपला हातोडा कुणाला देणार? तो अखेर जॅककडे, आपल्या पणतवाकडे, खूण करतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

जवळजवळ सगळी माणुसकी नष्ट झाल्यावर लेखकाने वाचकाच्या हाती ठेवलेली आशा एवढीच. शहर परत उभं राहिलेलं नाही, वीज आलेली नाही, औषधाचा शोध लागलेला नाही. एका हातातून दुसऱ्या हातात एक हातोडा गेला. अशा कथा बहुतेक वेळा अशाच इवल्याशा आशेवर का थांबतात, हे समजून घ्यायला या हातोड्यापर्यंतची वाट नीट पाहायला हवी.

कादंबरीचा नायक ईश हा भूगोलाचा विद्यार्थी. अभ्यासासाठी डोंगरात एकटा राहिलेला असताना त्याला साप चावतो. त्या आजारपणातून उठून खाली येतो तोवर कुठल्याशा साथीने जवळजवळ सगळी माणसं मेलेली असतात. घरं जागच्या जागी, दुकानं भरलेली, नळाला पाणी, काही काळ दिवेसुद्धा चालू. जगबुडीच्या कथा वाचताना ही बाब आधी तपासावी: माणसं गेली की वस्तू गेल्या? इथे वस्तू शिल्लक आहेत आणि माणसं नाहीत. पुढचं सगळं या एका निवडीतून निघतं.

ईशला एम नावाची स्त्री भेटते. हळूहळू आणखी काहीजण येतात, मुलं होतात, वस्ती वाढते. दर वर्षाच्या अखेरीस सगळे एका खडकापाशी जमतात, ईश हातोडा-छिन्नीने वर्षाचा आकडा कोरतो आणि त्या वर्षाला एखादं नाव दिलं जातं. विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय तिथून जवळच आहे. ईश ते जपतो, मुलांना तिथे जायला मनाई करतो. एवढं शाबूत राहिलं तर सगळं परत उभारता येईल, असा त्याचा पक्का विश्वास असतो.

आणि इथे स्टुअर्ट वाचकाची अपेक्षा मोडतो. वस्तीतलं कुणीच काही उभारत नाही. डबाबंद अन्न वर्षानुवर्षं पुरतं, मग शेती कोण करणार? नळाला पाणी येतं, मग ते कुठून येतं हे कोण विचारणार? वीसएक वर्षांनी एके दिवशी नळ कोरडे पडतात. धरणाकडून येणारी वाहिनी गंजून गळू लागलेली असते आणि एवढ्या वर्षांत तिच्याकडे कुणी फिरकलेलंही नसतं. वाईट माणसं, टोळ्या, उपासमार यांपैकी कशानेही या वस्तीला घेरलेलं नाही. तिला सुस्त केलं ते जुन्या जगाच्या शिल्लक साठ्याने. पुनर्बांधणीच्या वाटेतला हा अडथळा मला या कादंबरीचा सर्वांत खरा भाग वाटतो.

ईशची सगळी भिस्त आता जोई या धाकट्या मुलावर असते. सगळ्या मुलांत एकट्या जोईलाच वाचनाची खरी ओढ आहे. ग्रंथालयाची किल्ली ज्याच्या हाती द्यावी असा हा एकच वारस. मग वस्तीतले दोन तरुण जीप घेऊन पूर्वेकडचा मुलूख बघायला जातात आणि येताना चार्ली नावाच्या एका परक्याला घेऊन येतात. त्याच्याबरोबर विषमज्वर येतो. त्यात वस्तीतली बरीच माणसं जातात आणि जोईही जातो.

साधारण लेखकाने जोईला जगवलं असतं. शेवटच्या पानावर तो ग्रंथालयाचं दार उघडताना दिसला असता आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटून झोपला असता. पण तसं झालं असतं तर एवढी माणसं मेली त्याला काय अर्थ उरला असता? सगळं जसंच्या तसं परत मिळणार असेल, तर हरवलेल्याचं वजनच नाहीसं होतं. म्हणून या प्रकारच्या चांगल्या कथेत शेवटची आशा लहान असते: हानी खरी होती, हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचकाला विसरू द्यायचं नसतं.

जोईच्या मृत्यूनंतर ईश शाळा बंद करतो, कायमची. वाचायला शिकवण्याचा हट्ट सोडतो आणि मुलांसाठी एक धनुष्यबाण बनवतो. शिकवणी म्हणून नव्हे, खेळणं म्हणून. बंदुकीच्या गोळ्या कधीतरी संपणार हे त्याला कळलेलं असतं, पण ते तो कुणाला समजावत बसत नाही. मुलं खेळू लागतात, स्वतःचे बाण बनवू लागतात, नेम धरू लागतात. जे वर्गात रुजलं नाही ते खेळातून रुजतं. पुढे बाणांची टोकं जुनी नाणी ठोकून बनवली जातात. ज्या नाण्यांवर एक सगळा देश चालत होता, ती आता शिकारीच्या कामाची. म्हातारपणी ईशला कळतं की अमक्या जनावराला तांबड्या नाण्याचं टोक आणि तमक्याला पांढऱ्या नाण्याचं, असं या पोरांनी ठरवून टाकलेलं आहे. अवजारापाठोपाठ समजूतही जन्माला आली. त्याचा तो साधा हातोडाही त्यांच्या लेखी आता पूज्य झालेला असतो.

स्टुअर्ट बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. याच विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या संग्रहालयात ईशी नावाचा माणूस आयुष्याची अखेरची वर्षं राहिला. तो याही या आदिवासी जमातीचा शेवटचा उरलेला माणूस. १९११ साली तो ओरोव्हिल गावाजवळ सापडला आणि १९१६ साली वारला. तो बाणाची टोकं बाटलीच्या काचेपासूनही घडवायचा. ईशी आणि ईश या नावांतलं साम्य कितीतरी वाचकांना जाणवलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या भूमीवर एका समाजाची जगबुडी आधीच होऊन गेली होती, ती आणणाऱ्यांचाच वंशज या कादंबरीत शेवटचा उरतो आणि त्याची पोरं ईशीच्याच कसबाकडे परततात. हे लक्षात आलं की धनुष्यबाणाकडे अधोगती म्हणून बघणं मला जमत नाही.

मग ग्रंथालयाचं काय? म्हातारपणी आलेल्या एका मोठ्या वणव्यात विद्यापीठाचा तो सगळा परिसर होरपळतो. आपल्याकडच्या मत्स्यकथेत प्रलयाच्या वेळी नावेत बीजं चढवली जातात, सप्तर्षी चढतात आणि वेदही वाचवले जातात. स्टुअर्टच्या नावेत बीज चढलं, वेद मागे राहिले. लेखक स्वतः जन्मभर पुस्तकांत रमलेला प्राध्यापक, तरी त्याने हे लिहिलं, म्हणून ते अधिक लागतं.

उरलेली माणसं काय उभारतात, यावरून लेखकाच्या लेखी माणूसपणाचा गाभा कोणता हे ओळखता येतं. एमिली सेंट जॉन मँडेल यांच्या २०१४ सालच्या ‘स्टेशन इलेव्हन’मध्ये साथीनंतर वीस वर्षांनी एक फिरती मंडळी मोठ्या सरोवरांच्या काठच्या गावागावांतून शेक्सपिअरची नाटकं करत हिंडते. तिथे गाभा नाटक आणि संगीत हा आहे आणि शेवटची आशा म्हणजे दुर्बिणीतून दूरवर दिसणारं, दिवे लागलेलं एक गाव. त्या गावापर्यंत कथा जात नाही. गेली असती तर वीज कुणाच्या मालकीची, कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे सगळं मांडावं लागलं असतं.

वॉल्टर मिलर यांनी तेही मांडलं. दुसऱ्या महायुद्धात माँटे कॅसिनोच्या मठावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांपैकी एकात ते होते. त्यांच्या ‘अ कँटिकल फॉर लिबोविट्झ’मध्ये (१९५९) अणुयुद्धातून वाचलेली कागदपत्रं मठवासी शतकानुशतकं जपतात. त्यांतूनच विज्ञान पुन्हा उभं राहतं आणि अखेरीस पुन्हा अणुबॉम्ब पडतात. पुनर्बांधणी पुरी झाली की जुना धोकाही पुरा परत येतो. लहान आशेचं हे दुसरं कारण, आणि मला ते पहिल्याहून गंभीर वाटतं.

काही कथा एवढीही आशा देत नाहीत. बीबीसीचा १९८४ सालचा ‘थ्रेड्स’ हा चित्रपट शेफील्ड शहरावरच्या अणुहल्ल्यानंतरची वर्षं दाखवतो. हल्ल्यानंतर जन्मलेली पिढी धड बोलूही शकत नाही आणि चित्रपट तिच्यातल्या एका मुलीच्या बाळंतपणाशी, ती बाळाकडे बघते त्या क्षणाला, तोडल्यासारखा संपतो. नवजात बाळ ही आशेची सर्वांत जुनी खूण, तीच इथे हिरावून घेतलेली आहे. कारण हेतू वेगळा आहे. अणुयुद्धानंतरही काही ना काही उगवेल असा दिलासा प्रेक्षकाने घरी नेऊ नये, अशी त्यामागची धडपड आहे. स्टुअर्टच्या साथीला कुणी जबाबदार होतं की नाही हे कादंबरी ठरवत नाही, म्हणून त्याला पुढचं बघण्याची मुभा होती. माणसाच्या हातून होणाऱ्या संहाराबद्दल लिहिणाऱ्याला ती मुभा सहजी घेता येत नाही.

पुनर्बांधणी आणखी एका गोष्टीची खूण असते: लेखकाच्या स्वतःच्या काळातलं काय त्याला परत नको आहे, याची. एम ही आपल्या अंगात आफ्रिकी वंशाचं रक्त आहे हे ईशला आडवळणाने सांगते. अशा विवाहांवरचा कॅलिफोर्नियातला बंदीचा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो १९४८ साली, कादंबरी येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. ईशच्या लेखी तो अडसर जुन्या जगाबरोबर केव्हाच मेलेला आहे. वस्तीतली कितीतरी मुलं या दोघांच्या वंशातली, आणि संकटात सगळ्यांचा धीर बांधणारी व्यक्ती कादंबरीभर एमच आहे.

पण हाच लेखक सगळीकडे एवढा मोकळा नाही. वस्तीत ईव्ही नावाची एक मंदबुद्धी मुलगी आहे. चार्ली तिच्यामागे लागतो, त्याला गुप्तरोगही असतो. तेव्हा चार मोठी माणसं मतदान करून त्याला मृत्युदंड देतात. नव्या समाजाचं हे पहिलं न्यायदान. ईव्हीला काय हवं, हे या चौघांपैकी कुणी तिला विचारत नाही. तिच्यासारखीच मुलं जन्माला येतील ही भीती त्यांच्या बोलण्यात आहे आणि त्या काळच्या अमेरिकेत कितीतरी राज्यांचे कायदे याच भीतीपोटी अशा माणसांची सक्तीने नसबंदी करत होते. वंशाची भिंत स्टुअर्टला जुन्या जगात सोडून देता आली. ही दुसरी भिंत त्याच्या हातून नव्या वस्तीतही आली आणि कादंबरीत तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.